लिथियम सुरू असताना ‘परत आलेलं’ नैराश्य

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी लिथियम घेणाऱ्यांमध्ये थायरॉइड मंदावतो तेव्हा घटना ज्या क्रमाने घडत जातात, त्या क्रमावरून ते बांधलं आहे आणि आकडेही त्याला साजेसे घेतले आहेत.

नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षिका, वय ४६, वजन ६२ किलो. दीड वर्षापूर्वी उन्मादाचा मोठा झटका आला होता, त्याच्या आधी नैराश्याचे दोन. बायपोलर आजाराचं निदान झालं आणि लिथियम कार्बोनेट सुरू झालं, ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज रात्री. सुरुवातीच्या तपासण्या नीट झाल्या होत्या. थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक टीएसएच ३.४, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८, कॅल्शियम सामान्य. महिन्याभरात लिथियमची रक्तातली पातळी ०.७ वर स्थिरावली. दीर्घकाळ घ्यायच्या उपचारात ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर असावी लागते, म्हणजे डोस अगदी बरोबर बसला होता. बाई शाळेत रुजू झाल्या आणि घर सुरळीत झालं.

गडबड इथूनच सुरू झाली. तब्येत छान असल्यामुळे सहा महिन्यांची तपासणी राहून गेली. तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या येत राहिल्या आणि डॉक्टरांशी बोलणं फोनवर होत राहिलं. चौदाव्या महिन्यात घरच्यांच्या लक्षात आलं, की बाई पुन्हा गप्प गप्प असतात. शाळेतून आल्या की आडव्या होतात, दहा-दहा तास झोपूनही उठताना थकलेल्या असतात. वह्या तपासायला दुप्पट वेळ लागतो, वजन चार किलोंनी वाढलंय. धाकट्या बहिणीने फोन करून सांगितलं, “ताईचं डिप्रेशन परत आलंय, गोळी वाढवून द्या.”

कुणालाही हेच वाटलं असतं. थकवा, मंदपणा, झोप वाढणं, कशातच रस नसणं ही नैराश्याची लक्षणं आहेत आणि थायरॉइड मंदावल्याचीही हीच आहेत. त्यातून रुग्णाला नैराश्याचा पूर्वेतिहास असला की पहिलाच अर्थ सगळ्यांना पटतो. थायरॉइडवर परिणाम करणाऱ्या बऱ्याच औषधांची खरी अडचण हीच आहे. ज्या आजारासाठी औषध दिलेलं असतं, त्या आजाराचंच सोंग हा परिणाम घेतो. म्हणून इथे लक्षण दिसण्याची वाट बघून चालत नाही, रक्ततपासणीची तारीख आधीच ठरलेली असावी लागते.

तपासताना काय दिसलं

बाई प्रत्यक्ष दाखवायला आल्यावर काही गोष्टी नैराश्याच्या चौकटीत बसेनात. चार महिन्यांपासून बद्धकोष्ठ होतं. मे महिन्यात पंखा नको वाटत होता. पाळीला रक्तस्राव वाढला होता. आवाज जड झाला होता आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. कातडी कोरडी, केस मुठीने गळत होते. नाडी ५८. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल पटकन हलायचं, पण मूळ जागी यायला रेंगाळायचं. हे रेंगाळणं थायरॉइड मंदावल्याची जुनी आणि चांगली खूण आहे. गळ्यावर हात ठेवून घोट गिळायला सांगितल्यावर ग्रंथी थोडी मोठी, गुळगुळीत लागली.

दुसरीकडे, नैराश्याच्या आधीच्या दोन्ही झटक्यांत पहाटे तीनला जाग यायची, स्वतःला दोष देणं चालायचं, मरणाचे विचार यायचे. यातलं काहीच या वेळी नव्हतं. त्याच रुग्णाच्या आधीच्या झटक्यांशी तुलना करणं पुस्तकातल्या यादीपेक्षा जास्त उपयोगी ठरतं, म्हणून ‘मागच्या वेळी असंच होतं का?’ हा प्रश्न घरच्यांना विचारायलाच हवा. तरीही एवढ्यावर निदान करू नये. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात.

आणखी एक गोष्ट सहज बोलण्यातून निघाली. अंग, मांड्या, खांदे दुखतात म्हणून बाई दोन महिन्यांपासून दुकानातून आयब्युप्रोफेन घेत होत्या, दिवसाला एक-दोन गोळ्या. ते कुणी विचारलंही नव्हतं आणि त्यांना सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं. हातांना बारीक कंप होता, तोही पूर्वीपेक्षा जास्त.

रक्त तपासायला देताना

लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी मोजायची असते. रात्री नऊला गोळी घेतली तर रक्त सकाळी नऊला द्यायचं, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यानंतर घ्यायचा. सहा तासांनी घेतलेल्या नमुन्यात आकडा उगाच मोठा येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. दुसरी चूक नळीची. प्रयोगशाळेत हिरव्या झाकणाची एक नळी असते, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन असतं. त्या नळीत घेतलेल्या रक्ताची लिथियमची पातळी नळीतल्याच लिथियममुळे खोटी वाढलेली दिसते. रक्त घेणाऱ्याला ‘लिथियम लेव्हल आहे’ एवढं मोठ्याने सांगितलं तरी हा घोटाळा टळतो.

टीएसएचसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. फक्त दर वेळी साधारण त्याच वेळेला, शक्यतो सकाळी रक्त द्यावं, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होत असतो. पहाटे तो जास्त असतो, दुपारी उतरतो.

निकाल असे आले. टीएसएच २८, सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४.५. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, ०.६, मर्यादेची खालची रेषा ०.८. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, ठळकपणे पॉझिटिव्ह. कॅल्शियम ठीक. क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ झालेलं. आणि लिथियमची पातळी, डोस तोच असताना, ०.७ वरून ०.९८ वर गेलेली.

क्रिएटिनिनच्या आकड्यावर जरा थांबायला हवं. १.१ हा आकडा बऱ्याच अहवालांवर ‘नॉर्मल’च्या आत छापलेला असतो, त्यामुळे त्यावर लाल खूण येत नाही. पण ४६ वर्षांच्या स्त्रीत ०.८ चा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता अंदाजे ९२, आणि १.१ चा अर्थ अंदाजे ६३. म्हणजे सुमारे एक-तृतीयांश घट. जुना अहवाल शेजारी ठेवला नसता तर ही घट दिसलीच नसती.

हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय

थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, त्यापासून संप्रेरक बनवते, ते साठवते आणि लागेल तसं रक्तात सोडते. लिथियम या ग्रंथीत साठतं आणि मुख्यतः शेवटच्या पायरीवर अडथळा आणतं. माल तयार असतो, पण बाहेर पडत नाही. रक्तातलं संप्रेरक कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. त्या दट्ट्याखाली थायरॉइड आकाराने वाढते, आणि बहुतेकांमध्ये तेवढ्यावर भागतं. ग्रंथी निरोगी असेल तर ती या अडथळ्यावर मात करते. म्हणून लिथियम सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत टीएसएच थोडा वाढून आपोआप खाली येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

ज्यांच्या ग्रंथीवर आधीच प्रतिपिंडांचा हल्ला चालू असतो, त्यांच्यात ही राखीव ताकद नसते. या बाईंची आई कित्येक वर्षं थायरॉइडची गोळी घेत होती. स्त्री असणं, चाळिशी उलटलेली असणं, घरात थायरॉइडचा इतिहास आणि सुरुवातीचा टीएसएच मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात, इतक्या खुणा पहिल्याच दिवशी हजर होत्या. लिथियम सुरू करतानाच अँटी-टीपीओ एकदा केलं असतं तर यांना दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं असतं. ही चाचणी पुन्हा पुन्हा करायची नसते, सुरुवातीला एकदाच पुरते.

आता साखळी पाहा. थायरॉइड मंदावला की स्नायू दुखतात. ते दुखणं थांबावं म्हणून आयब्युप्रोफेन आलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी करतात. थायरॉइड मंदावल्यामुळे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाहही घटतो आणि लिथियम आणखी साठतं. लिथियमने थायरॉइड दाबला आणि दबलेल्या थायरॉइडने लिथियम वाढवलं, असा हा फेरा. ०.९८ ही पातळी विषारी म्हणता येणार नाही. साधारण १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं स्पष्ट होऊ लागतात, वयस्कर माणसांत त्याच्याही आधी. पण दिशा वाईट होती. नेमक्या याच वेळी जुलाब लागले असते, किंवा रक्तदाबासाठी कुणी लघवी वाढवणारी गोळी सुरू केली असती, तर पातळी झपाट्याने चढली असती.

काय केलं, काय मुद्दाम केलं नाही

लिथियम बंद केलं नाही. घरच्यांचा पहिला आग्रह तोच होता आणि तो समजण्यासारखा होता, ‘ज्याने थायरॉइड बिघडवला ते औषध कशाला?’ पण लिथियम एकदम थांबवलं की पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका मोठा असतो. शिवाय आत्महत्येपासून संरक्षण देण्याबाबत लिथियमची बरोबरी करतील अशी औषधं फारशी नाहीत. मंदावलेला थायरॉइड स्वस्त, सुरक्षित गोळीने पूर्ण भरून काढता येतो, बिघडलेलं मन इतक्या सहज सावरता येत नाही. लिथियम लागू पडलेल्या माणसात थायरॉइडसाठी ते काढून घेणं, हे बहुतेक वेळा चुकीचं गणित ठरतं.

नैराश्याची गोळीही सुरू केली नाही. टीएसएच २८ असताना ती नीट लागू पडण्याची शक्यता कमी, आणि बायपोलर रुग्णात तिने उन्माद उफाळण्याची भीती. मरणाचे विचार असते, खाणंपिणं सुटलं असतं, तर थांबता आलं नसतं. थायरॉइड सुधारायला काही आठवडे लागतात आणि तितका वेळ हातात नसतो. इथे तसं नव्हतं, म्हणून सहा आठवड्यांनी मनःस्थिती पुन्हा तपासून ठरवायचं असं ठरलं.

आयब्युप्रोफेन त्याच दिवशी बंद केलं, दुखल्यास पॅरासिटामॉल. लिथियमचा डोस मात्र लगेच कमी केला नाही, आठवड्याने पातळी पुन्हा पाहिली. ती ०.८२ वर आली होती. पातळी वाढण्याची दोन कारणं दिसत होती आणि दोन्ही दूर करण्यासारखी होती. घाईने गोळी कमी केली असती तर थायरॉइड व मूत्रपिंड सुधारल्यावर पातळी ०.६ च्या खाली घसरली असती आणि बाई उघड्या पडल्या असत्या. अशी वाट बघायची असेल तर अट एकच. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं, उलट्या किंवा जुलाब यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता थेट रुग्णालय गाठायचं, हे रुग्णाला आणि घरातल्या एका माणसाला तोंडपाठ असलं पाहिजे.

थायरॉइडचं संप्रेरक भरून काढणारं लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं. ग्रंथी पूर्ण बंद पडलेली असेल तर साधारण वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे यांच्यासाठी शंभरच्या आसपास. पण लिथियमखालची ग्रंथी थोडंफार काम करत असते, त्यामुळे बऱ्याचदा त्याहून कमी पुरतं. शिवाय बायपोलर आजारात संप्रेरकाचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर झोप उडते आणि उन्मादाला वाट मिळते, म्हणून पायरी-पायरीने चढणं बरं. हृदयविकार असता किंवा वय साठीच्या पुढे असतं तर २५ किंवा त्याहून कमीपासून सुरुवात केली असती.

गोळी सकाळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्यासोबत. नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, आणि दुधाच्या चहाची सवय असेल तर तास बरा. पाळीच्या जादा रक्तस्रावामुळे बाईंना लोहाची गोळीही सुरू झाली होती. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे ती गोळी दुपारच्या जेवणानंतर, किमान चार तासांच्या अंतराने. गोळ्यांची बाटली येते. तिचं झाकण घट्ट लावून ती कोरड्या जागी ठेवायची, गॅसच्या ओट्यावर किंवा न्हाणीघरातल्या कपाटात नको, ऊब आणि दमटपणाने गोळीचा कस उतरतो.

डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासण्यात अर्थ नसतो. सहाव्या आठवड्यात तो ११ वर आला, बद्धकोष्ठ गेलं, झोप आठ तासांवर आली. डोस ७५ केला.

अहवालातला धक्का

पुढच्या तपासणीत भलतंच आलं. टीएसएच ०.२, फ्री टी-४ मर्यादेच्या वर. कागदावर पाहिलं तर गोळी जास्त झाली, ती कमी करा. पण बाईंची नाडी ७२, झोप नीट, वजन हळूहळू उतरतंय, हातांचा कंप कमी. ७५ मायक्रोग्रॅमवर टीएसएच एवढा खाली जायचं काहीच कारण नव्हतं.

विचारल्यावर कळलं की केस गळतात म्हणून ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेली ‘केसांची गोळी’ सुरू होती. वेष्टनावर बायोटिन १० मिलिग्रॅम. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं संप्रेरक मोजताना बायोटिनचाच पकडून ठेवणाऱ्या हुकासारखा उपयोग करतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर अशा यंत्रावर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो. थायरॉइड उसळल्याचं हुबेहूब चित्र, आणि शरीरात त्यातलं काहीही नाही. गोळी तीन दिवस थांबवून पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच ३.१ आला. लिथियमची पातळी ०.६८, क्रिएटिनिन ०.९. नैराश्याची नवी गोळी लागलीच नाही.

थायरॉइड मंदावल्यावर केस गळतात आणि केस गळले की माणूस बायोटिनकडे जातो, त्यामुळे ही गाठ योगायोगाने पडत नाही. प्रत्येक तपासणीआधी ‘केसांची, नखांची, ताकदीची काही गोळी चालू आहे का?’ असं नेमकं विचारावं. ‘दुसरं काही औषध घेता का?’ या प्रश्नाला लोक नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतं.

टीएसएच थोडाच वाढला असता तर

समजा १४ व्या महिन्यात टीएसएच ७ आला असता आणि फ्री टी-४ सामान्य. तेव्हा पहिलं पाऊल म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा. दोनदा १० च्या वर आला तर गोळी सुरू करावी यावर फारसा वाद नाही. ५ ते १० च्या मधल्या पट्ट्यात निर्णय माणूस बघून घ्यायचा. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, गळ्याला सूज, किंवा नैराश्य हटत नाही, मनाचे चढउतार वर्षात चार-चारदा होतायत, असं असेल तर बायपोलर रुग्णात थोडं लवकर उपचाराकडे झुकणं योग्य. यातलं काही नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं.

उलटी बाजूही लक्षात ठेवायला हवी, जरी ती बरीच कमी दिसते. लिथियमवर असताना कधीकधी ग्रंथीला दाह होऊन साठलेलं संप्रेरक एकदम रक्तात सांडतं. गळा दुखत नाही, तापही नसतो. माणूस झोपत नाही, भरभर बोलतो, वजन उतरतं, आणि घरच्यांना वाटतं उन्माद आला. इथे झोपेतली नाडी मोजावी. उन्मादात माणूस अखेर झोपला की नाडी उतरते, संप्रेरक जास्त असेल तर झोपेतही ती शंभरीजवळ राहते. तळहात गरम आणि घामेजलेले असतात. मात्र लिथियमच्या कंपासाठी नाडी मंद करणारं प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर नाडीवर विश्वास ठेवता येत नाही. अशा दाहात कार्बिमाझोलचा उपयोग नाही, कारण ते नवं संप्रेरक बनणं थांबवतं आणि इथे आधी बनलेलंच सांडत असतं. टेक्नेशियम स्कॅनमध्ये ग्रंथी जवळजवळ कोरी दिसली की दाहाचं निदान पक्कं होतं. दोन-तीन महिन्यांत ते आपोआप ओसरतं आणि बहुधा त्यानंतर थायरॉइड मंदावतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासत राहायचं.

हेच कोडं, दुसरी औषधं

इंटरफेरॉन-अल्फाची गोष्ट लिथियमपेक्षा वेगळी आहे. ते प्रतिकारशक्तीलाच चिथावतं, त्यामुळे ग्रंथीवर हल्ला होऊन थायरॉइड मंदावू शकतो, दाह होऊ शकतो, किंवा ग्रेव्हज आजार जागा होऊन थायरॉइड उसळू शकतो. एकाच रुग्णात आधी उसळी आणि मग मंदी हा क्रमही नेहमीचा. हिपॅटायटिस सी साठी आता तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी इंटरफेरॉनची जागा घेतली आहे, पण हिपॅटायटिस बी आणि पॉलिसायथेमिया व्हेरासारख्या रक्ताच्या आजारात ते अजून दिलं जातं. सोंग इथेही आहेच. इंजेक्शनने थकवा येतो, वजन उतरतं, मन खचतं, आणि सगळे ‘इंजेक्शनचाच त्रास’ म्हणून सोडून देतात. सुरू करण्याआधी टीएसएच आणि अँटी-टीपीओ, मग दर तीन महिन्यांनी टीएसएच, आणि उपचार संपल्यावरही सहा महिने लक्ष. हल्ला बहुतेकदा इंजेक्शन थांबल्यावर शमतो, पण काहींना थायरॉक्सिन कायमचं लागतं. टीएसएच कमी आला तर आधी दाह की ग्रेव्हज हे ठरवायचं, कारण दोन्हींचा उपचार वेगळा आहे.

हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनमध्ये तर वजनाच्या ३७ टक्के आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून रोज सहा-सात मिलिग्रॅम मोकळं आयोडीन शरीरात येतं, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम. इथे सोंग हृदयाचं असतं. थायरॉइड उसळला की धडधड परत येते आणि वाटतं औषध कमी पडतंय, डोस वाढवा. ताब्यात असलेले ठोके अचानक बिघडले, किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या त्याच डोसवर रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर चढायला लागला, तर आधी टीएसएच मागवावा. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडा वर जातो, त्यावर उपचार करायची घाई करू नये. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच व फ्री टी-४ पाहावं. हे औषध चरबीत साठून महिनोन्‌महिने उतरत राहतं, त्यामुळे ते बंद केल्यावरही वर्षभर तपासणी सुरू ठेवायची. आणि ते स्वतःहून बंद करायचं नाही, हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच.

आपल्याकडे दुर्लक्षित राहणारी एक जोडी म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगातली इथिओनामाइड आणि पीएएस. दोन्ही थायरॉइडमध्ये संप्रेरक बनण्यात अडथळा आणतात, एकत्र दिली तर परिणाम वाढतो. क्षयरोगाचा रुग्ण थकलेला, उदास असणं सगळ्यांना स्वाभाविक वाटतं, म्हणून टीएसएच राहून जातो. उपचार संपल्यावर ग्रंथी सहसा पूर्ववत होते, तोवर थायरॉक्सिन द्यायचं.

कर्करोगावरच्या निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारख्या इंजेक्शनांत टीएसएच दर चार ते सहा आठवड्यांनी पाहतात, आणि त्यात एक सापळा आहे. टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही कमी आले तर दोष पिट्युटरीत असू शकतो. तेव्हा पिट्युटरीच्याच हुकमावर चालणारं संप्रेरक, सकाळचं कॉर्टिसॉल, पाहिल्याशिवाय थायरॉक्सिन सुरू करू नये. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर रुग्ण कोसळू शकतो.

शिक्षिकेच्या फाइलवर आता काय आहे

फाइलच्या पहिल्याच पानावर एक तक्ता चिकटवला आहे. डावीकडे तारीख, मग लिथियमचा डोस, बारा तासांची पातळी, टीएसएच, क्रिएटिनिन, कॅल्शियम, वजन. सगळे आकडे एकाखाली एक, म्हणजे ०.८ चं १.१ झालं तर ते नजरेत भरतं. लिथियमची पातळी वर्षभर दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, आणि डोस बदलल्यास पाच-सात दिवसांनी. टीएसएच स्थिर झाल्यापासून दर सहा महिन्यांनी. कॅल्शियम निदान वर्षातून एकदा, कारण लिथियम थायरॉइडच्या मागे असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींनाही चेतवतं आणि चढलेलं कॅल्शियमसुद्धा थकवा व उदासीच घेऊन येतं.

तक्त्याखाली दोन ओळी लाल शाईने लिहिल्या आहेत. कुठलीही दुखण्याची, रक्तदाबाची, केसांची गोळी सुरू करण्याआधी फोन करायचा. आणि पुढेमागे लिथियम थांबवायचं ठरलंच तर थायरॉक्सिनचा डोस आहे तसाच सोडून द्यायचा नाही. ग्रंथीवरचा अडथळा गेला की ती काही प्रमाणात पुन्हा काम करू लागते, तेव्हा ७५ मायक्रोग्रॅम जास्त होऊ शकतात. म्हणून थांबवल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी आणि मग वर्षभर अधूनमधून टीएसएच बघायचा.